वाढलेला पगार मुक्काम कुठे करतो?

पुण्यातल्या खासगी कंपनीत काम करणारा एक कर्मचारी समजू. २०१९-२० मध्ये त्याचा पगार होता महिना ४०,००० रुपये. कोविडच्या वर्षी वाढ शून्य, पुढे ५, ९, ८ आणि ७ टक्के. २०२४-२५ मध्ये पगार झाला सुमारे ५२,९००. पाच वर्षांत ३२ टक्के वाढ. घरी पेढे वाटण्याजोगी.

आता महागाईचा हिशेब. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या ग्राहक किंमत निर्देशांकानुसार त्या पाच वर्षांतली सरासरी महागाई अनुक्रमे ६.२, ५.५, ६.७, ५.४ आणि ४.६ टक्के होती. हे आकडे नुसते बेरजेला घ्यायचे नाहीत, कारण दरवर्षीची भाववाढ आधीच्या वाढलेल्या भावावर चढते. म्हणून गुणाकार: १.०६२ × १.०५५ × १.०६७ × १.०५४ × १.०४६, म्हणजे जवळपास १.३१८. जी टोपली २०१९-२० मध्ये १०० रुपयांना भरायची, ती २०२४-२५ मध्ये १३२ रुपयांना.

५२,९०० ला १.३१८ ने भागले की येतात साधारण ४०,१४०. जुन्या रुपयांत मोजलेली पाच वर्षांची कमाई महिना १४० रुपये!

नुसते शेवटचे वर्ष पाहिले तर चित्र छान दिसते: ७ टक्के वाढ, ४.६ टक्के महागाई, खरी वाढ सव्वादोन टक्क्यांच्या वर. साहेबही बहुधा तेवढेच वर्ष दाखवतात. पण मधली वर्षे पाहा. २०२०-२१ मध्ये पगार तोच होता, त्याची किंमत मात्र जुन्या रुपयांत ३७,७०० च्या आसपास उतरली. पुढच्या वर्षी ५ टक्के मिळूनही ती आणखी थोडी घसरली. पुढची तीन वर्षे गेली ती खड्डा बुजवण्यात. चार वर्षांत दरमहा जे कमी पडले, ते जुन्या रुपयांत सुमारे ८८ हजार होते आणि ते कधी परत आले नाहीत.

महागाई भत्त्याचे कवच असलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांनाही याची चव मिळाली. जानेवारी २०२० पासून भत्ता १७ टक्क्यांवर गोठवला गेला. जुलै २०२१ मध्ये तो एकदम २८ टक्के झाला, पण मधल्या दीड वर्षाची थकबाकी मिळाली नाही.

हिशेबात एक मेख आहे. निर्देशांक सरासरी घराचा असतो. २०१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत खाद्यपदार्थ व पेयांना सुमारे ४६ टक्के वजन होते, शिक्षणाला साडेचार टक्क्यांच्या आत. दोन मुलांची शाळेची फी भरणाऱ्या घरात हे प्रमाण कुठले टिकायला! अशा घराने निर्देशांकाऐवजी स्वतःच्या जुन्या वहीतला किराणा, भाडे, फी आणि विम्याचा हप्ता काढून त्याच वस्तूंचा आजचा खर्च मांडावा. पगारही कागदावरचा नको. कर आणि कपाती वजा जाऊन हातात येणारा धरावा.