एक चौरस फूट कमी, एक बोर्ड जास्त

बंगळुरूच्या दक्षिणेला कनकपुरा रस्त्यावर बनशंकरी देवीचे मंदिर आहे आणि त्याच्या आसपास तिच्याच नावाची वस्ती एकेका ‘स्टेज’ने वाढत गेली आहे. इथले कितीतरी प्लॉट तीस बाय चाळीसचे, म्हणजे १२०० चौरस फुटांचे आहेत. जुनी बैठी घरे पाडून त्याच जागेवर तीन-चार मजली इमारती उभ्या राहत आहेत, आणि नव्या घरात शिरले की हॉलमध्ये किंवा झोपायच्या खोलीत वर पाहावे तर बहुतेकदा जिप्समचे फॉल्स सीलिंग दिसते. त्याचा हिशेब घरमालक आणि ठेकेदार चौरस फुटांत करतात. मजुरीचा भाव ठरवायला तो ठीक आहे, पण बोर्ड, पट्ट्या आणि स्क्रू किती आणायचे हे नुसते क्षेत्रफळ सांगू शकत नाही.

दोन खोल्या घेऊ. पहिली १२ बाय १२ फूट, दुसरी ११ बाय १३ फूट. पहिलीचे क्षेत्रफळ १४४ चौरस फूट, दुसरीचे १४३. भिंतींची एकूण लांबी दोन्हींची सारखीच, ४८ फूट. दोन्ही छते सपाट धरू, खाचा नाहीत आणि लपवलेल्या दिव्यांची किनारही नाही. बाजारात सहज मिळणारा बोर्ड ६ बाय ४ फुटांचा, साडेबारा मिलिमीटर जाडीचा असतो. त्याचे क्षेत्रफळ २४ चौरस फूट, म्हणजे भागाकारानुसार दोन्ही खोल्यांना सहा-सहा बोर्ड पुरायला हवेत. प्रत्यक्षात १४४ चौरस फुटांची खोली सहा बोर्डांत पुरी होते आणि तिच्यापेक्षा एक चौरस फूट लहान असलेली खोली सात बोर्ड मागते.

याचे कारण बोर्डाच्या मापातच दडलेले आहे. बोर्ड १२२० बाय १८३० मिलिमीटरचा असतो आणि तो ज्या लोखंडी पट्ट्यांवर स्क्रूने बसतो त्यांना ‘सीलिंग सेक्शन’ म्हणतात. एका सेक्शनच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंतचे अंतर ४५७ मिलिमीटर, म्हणजे दीड फूट, ठेवायचे असते. दीड फूट चारदा घेतला की बरोबर सहा फूट होतात, म्हणून पूर्ण बोर्डाची दोन्ही टोके आपोआप एकेका सेक्शनच्या मध्यावर येतात. बोर्डाची लांब बाजू सेक्शनला काटकोनात लावतात, कारण जिप्समला ताकद देणारा वरखालचा कागद लांबीच्या दिशेने अधिक मजबूत असतो. तोच बोर्ड उलटा फिरवून सेक्शनच्या दिशेने लावला, तर दोन पट्ट्यांमधल्या जागेत त्याला बाक येण्याची भीती वाढते.

दुसरा नियम सांध्यांचा आहे. लांब कडा किंचित उतरत्या केलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्या जोडावर कागदी टेप आणि जॉइंटिंग कंपाउंड बसूनही पृष्ठभाग सपाट राहतो. आखूड बाजूंना असा उतार नसतो. तिथले सांधे एका सरळ रेषेत आले तर खोलीभर एकच लांब भेग पडू शकते. म्हणून एका ओळीतला आखूड सांधा शेजारच्या ओळीतल्या सांध्यापासून दूर सरकवतात.

आता १२ बाय १२ ची खोली मांडून पाहू. चार फुटांच्या तीन ओळी होतात. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत दोन-दोन पूर्ण बोर्ड बसतात आणि सांधा सहा फुटांवर येतो. मधल्या ओळीत एक बोर्ड अर्धा कापून तीन-तीन फुटांचे तुकडे दोन्ही टोकांना लावायचे आणि पूर्ण बोर्ड मध्ये ठेवायचा. सांधे तीन आणि नऊ फुटांवर येतात, म्हणजे पुन्हा सेक्शनवरच. सहा बोर्ड लागले आणि हातभरही तुकडा उरला नाही.

११ बाय १३ च्या खोलीत बोर्ड १३ फुटांच्या दिशेने लावू. दोन ओळी चार फुटांच्या आणि तिसरी तीन फुटांची. पहिल्या ओळीत दोन पूर्ण बोर्ड आणि एक फुटाचा तुकडा. मधल्या ओळीत तीन फूट, सहा फूट आणि चार फूट. तिसऱ्या ओळीत तीन फूट रुंदीला कापलेले दोन बोर्ड आणि पुन्हा एक फुटाचा तुकडा. कापलेली लांब कड भिंतीकडे ठेवायची, कारण तिचा उतार गेलेला असतो. एक फुटाचे दोन्ही तुकडे मधल्या ओळीतल्या चार फुटी तुकड्याच्या उरलेल्या भागातून निघतात, म्हणजे सुताराने काटकसर केलीच आहे. तरी सात बोर्ड लागतात. विकत घेतलेल्या १६८ चौरस फुटांपैकी २५ उरतात: तीन बाय चारचा एक तुकडा, सहा फूट लांब आणि फूटभर रुंद अशा दोन पट्ट्या आणि एक लहान चौकोन. हाच तो सातवा बोर्ड, आणि तो टाळता येत नाही. बोर्ड ११ फुटांच्या दिशेने फिरवले तर तुकडे जोडून सहांत भागते असे कागदावर दिसते. पण ११ फुटांत दोन बोर्डांचा सांधा सेक्शनवर यायला एकच जागा आहे, सहा फुटांची, आणि मग सगळे सांधे एकाच रेषेत येतात.

लोखंडाचा हिशेब याच मांडणीतून निघतो. भिंतीला चौफेर लागतो तो पेरिमीटर चॅनल. पट्ट्या १२ फुटी मिळतात आणि ४८ फुटांसाठी दोन्ही खोल्यांना चारच पुरतात. ११ फुटी भिंतीतून उरलेला एक फूट १३ फुटी भिंतीला जोडला की काम झाले. भिंतीत हा चॅनल साधारण दोन-दोन फुटांवर प्लग आणि स्क्रूने ठोकतात.

सेक्शन भिंतीपासून दीड-दीड फुटावर घेत गेलो की १२ फुटी खोलीत सात येतात आणि १३ फुटीत आठ. वरून त्यांना उचलून धरणारा इंटरमीडिएट चॅनल सेक्शनला काटकोनात, चार-चार फुटांवर जातो. दोन्ही खोल्यांत त्याच्या तीनच ओळी लागतात, पण १३ फुटांच्या ओळीसाठी १२ फुटी पट्टीला जोड द्यावा लागतो, म्हणून तिथे चार पट्ट्या मागवाव्या. या ओळी स्लॅबला टांगतात. स्लॅबमध्ये डॅश फास्टनर, त्याला क्लीट, क्लीटला हँगरची पट्टी आणि खाली चॅनल. हँगरही चार फुटांच्या आत ठेवले तर ओळीला चार, म्हणजे एकूण बारा. सेक्शन आणि चॅनल जिथे एकमेकांना छेदतात तिथे प्रत्येकी एक तारेची क्लिप लागते: पहिल्या खोलीत २१, दुसरीत २४.

या बारा हँगरवर किती भार येतो? बोर्डाचे वजन चौरस मीटरला साडेआठ किलोच्या आसपास असते. १४३ चौरस फूट म्हणजे सुमारे १३.३ चौरस मीटर, तेव्हा नुसते बोर्ड ११३ किलोचे होतात. लोखंड धरले तर एकेका हँगरच्या वाट्याला बारा-तेरा किलो येतात. या वजनात एक नवलाची गोष्ट आहे. जिप्सम म्हणजे पाणी अंगात बांधून ठेवलेले कॅल्शियम सल्फेट, आणि शुद्ध जिप्समच्या वजनाचा एक-पंचमांश भाग पाण्याचाच असतो. बंगळुरूत घराघरांत वीस लिटरचे पाण्याचे कॅन येतात; या एका खोलीच्या कोरड्या, पांढऱ्या छतात तेवढे पाणी स्फटिकांच्या रूपात टांगलेले असते. आग लागली की ते वाफ होऊन निघते, आणि ते संपेपर्यंत बोर्डाची मागची बाजू फारशी तापत नाही. अग्निरोधक म्हणून जिप्समची ख्याती आहे ती या पाण्यामुळे.

स्क्रूची मोजणी बहुतेक जण अंदाजावर सोडतात, पण ती अवघड नाही. बोर्ड बसवायला २५ मिलिमीटरचे काळे ड्रायवॉल स्क्रू लागतात आणि दोन स्क्रूंतील अंतर २३० मिलिमीटर, म्हणजे नऊ इंचांच्या आत हवे. चार फुटी रुंदीला एका सेक्शनवर सात स्क्रू येतात आणि तीन फुटी रुंदीला पाच. ११ बाय १३ मध्ये प्रत्येक सेक्शनवर १९, आठ सेक्शनवर १५२. आखूड सांध्यावर दोन बोर्डांची टोके एकाच सेक्शनवर असतात, म्हणून तिथे आणखी एक ओळ मारावी लागते; त्याचे ३८. भिंतीलगतच्या चॅनलवर ४८ फुटांत ६४. एकूण २५४. वाकलेले, हातातून पडलेले धरून २८० मागवावे. १२ बाय १२ ला हाच हिशेब २३९ वर थांबतो. हे फक्त बोर्डाचे झाले; लोखंडाला लोखंड जोडणारे छोटे स्क्रू आणि हँगरचे नटबोल्ट वेगळे.

बोर्डावर स्क्रू मारताना त्याचे डोके कागदाच्या किंचित आत जायला हवे, पण कागद फाटता कामा नये. कागद फाटला की खालचा ठिसूळ जिप्सम स्क्रूला धरत नाही. असा स्क्रू मोजणीत येतो, पण भार घेत नाही. शेजारी इंच-दोन इंचांवर दुसरा मारणे हाच उपाय.

बचतीच्या नावाखाली होणारी लबाडी बहुधा सेक्शनमध्ये असते. दीडऐवजी दोन फुटांवर सेक्शन घेतले तर १३ फुटांच्या खोलीत आठाऐवजी सहांत भागते. दोन फूट तीनदा घेतले तरी सहा फूटच होतात, म्हणून बोर्डाची टोके तेव्हाही सेक्शनवर बसतात आणि खालून पाहणाऱ्याला काही कळत नाही. काही महिन्यांनी मधल्या भागात पोट येते, तिरप्या प्रकाशात लाटा दिसतात. रंग लागल्यावरही हे तपासता येते. एक साधा चुंबक छतावर फिरवावा. स्क्रूंच्या ओळी तो दाखवतो. ओळींतील अंतर १८ इंच भरले पाहिजे.

दुसरी लबाडी जाडीची. सेक्शनचा पत्रा ०.५५ मिलिमीटरचा असावा असे धरलेले असते, आणि त्याच आकाराचा ०.४० चा पत्रा हातात घेऊन सहज ओळखू येत नाही. वजन मात्र सांगते. साधारण साडेबारा सेंटिमीटर रुंद पत्र्याची घडी करून हा सेक्शन बनतो, त्यावरून १२ फुटी सेक्शन २ किलोच्या जवळ भरतो आणि पातळ असेल तर १.४ किलोच्या. आठ सेक्शन एकत्र काट्यावर ठेवले तर फरक चार किलोंहून जास्त पडतो, तो लपत नाही.

या सगळ्या गणिताला एक मर्यादा आहे. खरी खोली क्वचितच काटकोनात असते. १२ बाय १२ ची खोली एका टोकाला १२ फूट १ इंच निघाली तर सहा बोर्डांचे चोख गणित तिथेच मोडते. म्हणून प्रत्येक भिंतीचे माप जमिनीजवळ नव्हे, तर ज्या उंचीवर सीलिंग येणार तिथे घ्यावे आणि दोन्ही कर्णही मोजावेत. पंख्याचे वजन बोर्डावर किंवा सेक्शनवर कधीही टाकू नये. त्याचा रॉड थेट स्लॅबच्या हुकापर्यंत गेला पाहिजे. वरच्या गच्चीतून पाणी झिरपत असेल तर आधी ती दुरुस्त करावी, कारण बाहेरून मुरलेल्या ओलीने बोर्ड मऊ पडतो आणि मग स्क्रू कितीही असले तरी तो सुटतो.

बनशंकरीत असो वा बोरिवलीत, ठेकेदाराने चौरस फुटांचा आकडा दिला की त्याच्याकडे एक कागद मागा. त्यावर बोर्डांच्या ओळी, सांध्यांच्या जागा आणि सेक्शनची अंतरे आखलेली असू द्या. माल त्या कागदावरून मागवा, आणि सेक्शन वजन करूनच उतरवून घ्या.