विडी विझल्यानंतरचं हृदय

हृदयविकाराच्या ओपीडीत एक प्रश्न हमखास कानावर येतो. ‘पंचवीस वर्षं ओढली, डॉक्टर. जे व्हायचं ते झालंच असणार. आता सोडून काय फरक पडणार?’ प्रश्न विचारणारा माणूस बहुतेकदा फुप्फुसाच्या कर्करोगाचा विचार करत असतो. कर्करोगाच्या बाबतीत त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही, कारण तिथला धोका उतरायला वर्षानुवर्षं लागतात. हृदयाचा हिशेब मात्र वेगळा आहे. त्यात धोक्याचा एक भाग दशकभर रेंगाळतो, पण दुसरा भाग काही दिवसांतच उतरणीला लागतो. या दुसऱ्या भागाची माहिती फार कमी लोकांना असते.

पाण्याच्या पाइपात क्षार साचत जाऊन तो एक दिवस बंद व्हावा, तशी हृदयाची नळी तुंबते, अशी आपली साधारण कल्पना असते. पण बहुतेक झटके तसे येत नाहीत. नळीच्या भिंतीत चरबीचा थर असतो, त्याच्यावरचं पातळ आवरण फाटतं आणि जखम समजून शरीर तिथे रक्ताची गुठळी करतं. ती गुठळी नळी बंद करते. म्हणजे झटक्याला दोन गोष्टी लागतात, जुना थर आणि ताजी गुठळी. धूर या दोन्हींना हातभार लावतो, पण दोन वेगळ्या वेगांनी. थर तयार व्हायला वर्षं जातात. गुठळीची तयारी मात्र प्रत्येक सिगारेटीबरोबर होते. डेंग्यूमुळे घराघरांत माहीत झालेल्या प्लेटलेट धुराने चिकट होतात, रक्त घट्ट करणारं फायब्रिनोजेन वाढतं, नळीचं आतलं अस्तर गरजेनुसार सैल होईनासं होतं. त्यात धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो आणि निकोटिन नाडी पळवतं. हृदयाला जास्त ऑक्सिजन हवा असतो, नेमका तेव्हाच तो कमी मिळतो.

सोडल्यावर यातलं जे ताजं आहे, ते आधी निवळतं. कार्बन मोनॉक्साइड साधारण एका दिवसात रक्तातून निघून जातो. प्लेटलेटचा चिकटपणा पुढच्या दिवसांत आणि आठवड्यांत कमी होतो, अस्तर हळूहळू सावरतं. साधारण वर्षभरात ओढणाऱ्याच्या अंगावरचा हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो, हे अनेक अभ्यासांचं सार आहे. ज्यांना आधीच हृदयविकार आहे त्यांच्याबद्दल 2003 मध्ये वीस अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. सोडणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ओढत राहिलेल्यांपेक्षा सुमारे 36 टक्क्यांनी कमी होतं. रोज घ्यायच्या एखाद्या गोळीने इतका फरक पडला असता, तर तिची जाहिरात प्रत्येक चौकात लागली असती.

पण ‘पंधरा वर्षांत सगळं कोरं’ असं जे सांगितलं जातं, त्यावर फार विसंबू नये. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या लोकांवर 1948 पासून चालू असलेल्या अभ्यासातून 2019 मध्ये आलेलं चित्र जास्त प्रामाणिक आहे. रोज एक पाकीट या हिशेबाने वीस वर्षं किंवा अधिक ओढलेल्यांनी सोडल्यावर पाच वर्षांच्या आत त्यांचा धोका, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत, 39 टक्क्यांनी कमी झाला. कधीच न ओढलेल्या माणसाच्या पातळीला यायला मात्र दहा वर्षांहून बराच जास्त काळ लागला. जुना थर आपल्या गतीने जातो. म्हणून सोडल्यावरही रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची औषधं बंद करायची नसतात.

याच कारणाने ‘कमी करतो’ ही तडजोड हृदयाला मानवत नाही. 2018 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या विश्लेषणात रोज वीस ओढणारा आणि रोज एक ओढणारा यांची तुलना होती. एकाच सिगारेटीचा धोका वीसच्या धोक्याचा विसावा भाग असेल, असं आपल्याला वाटतं. पुरुषांमध्ये हृदयविकाराचा जादा धोका निघाला जवळजवळ निम्मा. प्लेटलेटना चिथावणी द्यायला थोडा धूरही पुरतो. त्यामुळे वीसवरून दोनवर आलेल्या माणसाला शाबासकी द्यावी, पण त्याचं हृदय सुरक्षित झालं असं समजू नये. आपल्याकडची आणखी एक पळवाट म्हणजे सिगारेट सोडून तंबाखूची पुडी खिशात ठेवणं. बावन्न देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही हृदयाच्या झटक्याचा धोका दुपटीहून जास्त दिसला, आणि विडीचा धोका सिगारेटीच्याच तोडीचा निघाला. विडी साधी, नैसर्गिक वगैरे म्हणणाऱ्यांनी हे वाचलेलं बरं.

आता सोडायचं कसं, हे एका माणसाच्या उदाहरणाने पाहू. समजा, बावन्न वर्षांचा एक दुकानदार. रोज वीस सिगारेटी, पहिली डोळे उघडल्यावर पाच मिनिटांत. झटका आला, अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. रुग्णालयात चार दिवस त्याला ओढता आलेलं नाही. तो चिडचिडा झाला आहे, झोप उडाली आहे, आणि घरच्यांना वाटतं की हा सगळा आजाराचा परिणाम. खरं तर यातला बराचसा निकोटिन तुटल्याचा त्रास आहे आणि त्याचा सर्वांत वाईट काळ पहिल्या आठवड्यातच असतो. म्हणजे हा माणूस डोंगराचा निम्मा चढ रुग्णालयाच्या खाटेवरच चढून बसला आहे. डिस्चार्जच्या दिवशी त्याला ‘आता ओढू नका हं’ एवढंच सांगून घरी पाठवलं, तर टपरीवर त्याची गाठ ठरलेली.

त्याच्या हातात निकोटिनची पट्टी आणि गम दिला, तर नातेवाइकांचा पहिला आक्षेप असा, की निकोटिननेच हृदय बिघडतं ना, मग तेच कसं देता? शंका रास्त आहे. सिगारेटीतलं निकोटिन दहा-पंधरा सेकंदांत मेंदूत पोहोचतं, धक्का देतं आणि उतरतं. पट्टीतलं निकोटिन कातडीतून तासांमागून तास झिरपतं, त्याची पातळी कमी राहते, आणि त्याच्यासोबत कार्बन मोनॉक्साइड किंवा धूर येत नाही. गुठळीचा मुख्य दोष धुराचा आहे. हृदयरोग असलेल्या 584 जणांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीत (1996) पट्टी लावणाऱ्यांमध्ये हृदयाच्या घटना खोटी पट्टी लावणाऱ्यांपेक्षा जास्त झाल्या नाहीत. झटका अगदी ताजा असताना डॉक्टर विचार करून देतात, हे खरं. पण पट्टी की सिगारेट, एवढाच पर्याय उरला तर उत्तर अवघड नाही.

या दुकानदाराला 21 मिलिग्रॅमची पट्टी रोज सकाळी, दंडावर किंवा पाठीवर, जागा बदलून. साधारण सहा आठवडे ही मात्रा, मग दोन-दोन आठवडे 14 आणि 7. पट्टी पाया घालते, पण जेवणानंतरची किंवा भांडणानंतरची अचानक उसळणारी तलफ ती शमवत नाही. त्यासाठी सोबत गम, आणि पहिली सिगारेट उठल्या उठल्या लागत असल्याने 4 मिलिग्रॅमचा. हा कसा खायचा, हे मात्र बहुतेकांना कोणी शिकवत नाही. माणूस तो पानासारखा चावत सुटतो, रस गिळतो, उचकी लागते, पोटात मळमळतं आणि ‘औषध मला सोसत नाही’ म्हणून पाकीट फेकलं जातं. पाच-दहा वेळा चावावा, झिणझिण्या किंवा तिखटपणा जाणवला की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यावा. चव उतरली की पुन्हा चावावा. अर्धा तास असं चालतं. निकोटिन तोंडातून शोषलं जातं, पोटातून नाही. चहा-कॉफी किंवा लिंबू सरबत प्यायल्यावर लगेच गम घेतला तर ते नीट शोषलं जात नाही, म्हणून मध्ये पाव तास जाऊ द्यावा.

चहाचा विषय निघालाच आहे तर एक बारकावा. धुरातले काही पदार्थ यकृताला कॅफिन लवकर निकाली काढायला लावतात. धूर थांबला की तेवढ्याच चहाने रक्तात जास्त कॅफिन साठतं. छातीत धडधड, हात थरथर, रात्री डोळा लागत नाही, हे सगळं सिगारेट सोडल्याचं मानलं जातं, आणि निम्मा दोष सहा कप चहाचा असू शकतो. दम्यासाठी थिओफायलिन घेणाऱ्यांनी सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगावं, कारण त्या औषधाची पातळीही अशीच चढते.

दुसरा मार्ग व्हॅरेनिक्लीन. बल्गेरियात 1960 च्या दशकापासून विकल्या जाणाऱ्या सायटिसिन या वनस्पतिजन्य औषधावरून ते बेतलेलं आहे. मेंदूत निकोटिन जिथे बसतं, तीच जागा ते अर्धवट अडवतं. थोडं समाधान देतं म्हणून तलफ उतरते, आणि जागा भरलेली असल्याने मध्येच ओढलेल्या सिगारेटीची मजा येत नाही. सुरुवात 0.5 मिलिग्रॅम एकदा, तीन दिवस; मग चार दिवस दोनदा; आठव्या दिवसापासून 1 मिलिग्रॅम दोनदा, बारा आठवडे. सिगारेट सोडायची तारीख सहसा आठव्या दिवसाची. मळमळ होते, म्हणून जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यायचं. स्वप्नं फार रंगीत पडतात, ती त्रासदायक वाटली तर संध्याकाळची गोळी लवकर घ्यायची. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी होते.

या औषधाने माणूस निराश होतो, आत्महत्येचे विचार येतात, अशी भीती पसरली होती. अमेरिकेने 2009 मध्ये वेष्टनावर ठळक इशाराही छापायला लावला. मग आठ हजारांवर लोकांची ईगल्स चाचणी झाली. तिचा निकाल 2016 मध्ये आला, भीतीला आधार सापडला नाही आणि तो इशारा त्याच वर्षी उतरवला गेला. त्याच चाचणीत नवव्या ते चोविसाव्या आठवड्यात एकही सिगारेट न ओढलेले शंभरात साधारण 22 व्हॅरेनिक्लीनवाले होते, पट्टी आणि ब्युप्रोपिऑन या गोळीचे प्रत्येकी 16 आणि बिनऔषधाच्या गोळीचे 9. ब्युप्रोपिऑन मूळचं नैराश्याचं औषध आहे आणि झटके येणाऱ्या, म्हणजे फिट्सच्या, रुग्णाला ते चालत नाही.

आकडे फुगवून सांगण्यात अर्थ नाही. उत्तम औषध घेऊनही शंभरातले बरेचजण पहिल्या प्रयत्नात टिकत नाहीत. आपल्या दुकानदारासारख्या, नुकत्याच झटका येऊन गेलेल्या 302 जणांना रुग्णालयातच व्हॅरेनिक्लीन किंवा खोटी गोळी सुरू केली, तेव्हा सहा महिन्यांनी अनुक्रमे 47 आणि 32 टक्के लोक सिगारेटपासून दूर होते. दर शंभरात पंधरा जण जास्त, एवढा तो फायदा.

सोडल्यावर वजन वाढतं, चार-पाच किलोही, आणि बायका-पुरुष दोघेही या कारणाने परत ओढायला लागतात. फ्रेमिंगहॅमच्याच नोंदींमध्ये वजन वाढलेल्यांनाही हृदयाचा फायदा जवळजवळ तेवढाच मिळालेला दिसतो. आणि समजा, तिसऱ्या आठवड्यात दुकानदाराने लग्नात एक ओढली. पट्टी काढून फेकायची नाही, औषध थांबवायचं नाही, दुसऱ्या दिवशी ठरलेली मात्रा चालू ठेवायची. औषधाबद्दल किंवा घसरण्याबद्दल बोलायला केंद्र सरकारची फुकट दूरध्वनी सेवा आहे, 1800-11-2356.