कोटेशनला 'नाही' कसं लिहावं

मंडळाच्या वार्षिक अंकाच्या १५० प्रती छापायच्या होत्या. दोन प्रेसकडून कोटेशन मागवलं. म्हापशाच्या काकांचं ऑफसेटचं होतं, प्रत ११० रुपये. दुसऱ्यांचं डिजिटलचं, ७० रुपये. आमच्याकडे होते १२ हजार. काकांना 'नाही' कळवायचं काम माझ्याकडे आलं.

मी लिहिलं, 'आपले दर सध्या परवडत नाहीत, पुढे पाहू.' सरांनी ते परत दिलं. 'सध्या' वाचून काका दर उतरवून पुन्हा पाठवतील, आणि 'दर परवडत नाहीत' म्हणजे तुम्ही महाग आहात, असंच त्यांना वाटेल. खरं कारण वेगळं होतं. ऑफसेटच्या प्लेट्सचा खर्च प्रती कितीही काढा, तेवढाच. तो १५० प्रतींवर वाटला की प्रत महाग पडते, ५०० वर वाटला की उतरते.

मग असं पत्र गेलं:

'काका, आपण लगेच कोटेशन दिलंत, कागदाचे नमुनेही दाखवलेत, त्याबद्दल आभारी आहोत. यंदाचं काम आम्ही दुसरीकडे दिलं आहे. प्रती फक्त १५० असल्यानं ऑफसेट आमच्या बजेटात बसत नाही. जास्त प्रतींचं काम निघालं, की आपल्याकडे कोटेशन जरूर मागू.'

निर्णय दुसऱ्याच वाक्यात आहे, म्हणून घासाघीस होत नाही. दुसऱ्या प्रेसचा दर लिहिला नाही. तो आम्हाला विश्वासानं दिलेला होता. शेवटी 'कोटेशन मागू' आहे, 'काम देऊ' नाही, कारण पुढच्या वर्षी मंडळात मी नसेन. पत्राआधी फोनही केला. काका कागद आणायला निघाले होते.