व्हीवॅपकडे परतणारा भाव आणि एकतर्फी दिवस

व्हीवॅप म्हणजे दिवसभरातील सौद्यांचा उलाढालीनुसार काढलेला सरासरी भाव. प्रत्येक सौद्याचा भाव त्यातील शेअर्सच्या संख्येने गुणायचा आणि त्या बेरजेला एकूण शेअर्सनी भागायचे. ही गणती रोज सकाळी सव्वानऊला नव्याने सुरू होते. मोठ्या संस्थांची खरेदी-विक्री बरी झाली की वाईट, हे बऱ्याचदा याच आकड्याशी ताडून पाहतात. त्यामुळे भाव व्हीवॅपच्या फार खाली गेला की खरेदीदार पुढे येतात, फार वर गेला की विक्रेते. शांत दिवशी भाव पुन्हा सरासरीकडे येण्यामागचे हे एक कारण आहे आणि इंट्राडे सौद्याची ही पद्धत त्यावरच उभी आहे.

एकतर्फी दिवशी मात्र ती फसते, आणि जराशा चकव्याने फसते. समजा, अकरा वाजता 10 लाख शेअर्सची उलाढाल झाली आहे, व्हीवॅप 500 रुपये आहे आणि भाव 494. सहा रुपयांच्या आशेने खरेदी होते. भाव घसरत राहतो. पुढचे 10 लाख शेअर्स सरासरी 490 ला जातात आणि व्हीवॅप 495 वर येतो. नंतरचे 20 लाख सरासरी 489 ला गेले की तो 492 होतो. दुपारी भाव सावरून 492 ला टेकतो. चार्टवर भाव सरासरीला भेटलेला दिसतो, पण सौद्यात शेअरमागे दोन रुपयांचा तोटा आहे. भाव सरासरीकडे आला त्याहून अधिक सरासरीच भावाकडे उतरली.

म्हणून असा दिवस आधी ओळखून बाजूला ठेवावा लागतो. पहिल्या अर्ध्या तासानंतर साडेदहापर्यंत भाव व्हीवॅपला एकदाही शिवला नाही, व्हीवॅपची रेषा एकाच दिशेला कलत राहिली आणि त्या दिशेच्या प्रत्येक झेपेला उलाढाल वाढली, तर त्या दिशेविरुद्धचा सौदा दिवसभर बंद. वेळ ज्याने त्याने जुन्या आकड्यांवर तपासून ठरवावी, पण बाजार चालू असताना बदलू नये. 4 जून 2024 ला, लोकसभा निकालाच्या दिवशी, आदल्या दिवशी 23,264 च्या आसपास बंद झालेला निफ्टी 21,281 पर्यंत कोसळला. अशा दिवशी ‘खूप पडला’ हे खरेदीचे कारण ठरत नाही.

संथ सुरू झालेला दिवस दुपारी पलटला, तर ही चाळणी तो पकडत नाही. तिथे स्टॉपलॉसच कामाला येतो. वरच्या उदाहरणात तो 491 ला असता, तर शेअरमागे साधारण तीन रुपयांवर सौदा संपला असता. दुपारच्या उसळीपर्यंत थांबणाऱ्याला दोनच रुपये गेले, हे खरे. पण ती उसळी येईलच, याची अकरा वाजता कुणालाच खात्री नसते. स्टॉपलॉस खाली सरकवायचा नाही, पडत्या भावात शेअर्स वाढवायचे नाहीत आणि एकदा तो लागला की त्याच दिशेचा दुसरा सौदा त्या दिवशी घ्यायचा नाही.