तुझे १,८६७ राहिलेत

पुण्यात कर्वेनगरला, वारज्याला किंवा हिंजवडीच्या वाटेवर चार-चार जण मिळून राहतात, त्या फ्लॅटमध्ये आडनावं लवकर मागे पडतात आणि गावं पुढे येतात. इथेही उदाहरणासाठी असाच एक फ्लॅट घेऊ. पुढच्या खोलीत सातारकर आणि नागपूरकर, तिथे एसी आहे. मागच्या खोलीत कोल्हापूरकर आणि नांदेडकर, तिथे पंखा. विजेचं बिल भरायचं काम नांदेडकराकडे. जूनच्या ९ तारखेला बिल येतं, ३८८ युनिट आणि ५,१०० रुपये. फेब्रुवारीत हेच बिल १६८ युनिटांचं, १,७४० रुपयांचं होतं.

नांदेडकर ग्रुपवर लिहितो, ‘लाइट बिल आलंय, सगळ्यांनी पैसे टाका.’ दोन अंगठे येतात. पैसे येत नाहीत.

यात बुडवाबुडवीचा कुणाचा हेतू नसतो. किती टाकायचे हे कुणालाच कळलेलं नसतं. सातारकराला वाटतं चौघांत सरळ वाटणी, म्हणजे १,२७५. कोल्हापूरकराच्या मनात फेब्रुवारीचे ४३५ असतात. आकडा ठरलेला नसला की माणूस थांबतो, आणि दुसरा काय करतो ते बघतो. पैसे मागायला ‘कसंतरी वाटतं’ म्हणून आकडा मोघम ठेवला जातो, आणि मोघम आकड्यामुळेच पुढे चार वेळा मागावं लागतं.

म्हणून आठवणीचं अर्धं काम बिलावरच होतं. महावितरणचं बिल टप्प्यांनी चढतं. पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ ते ५०० आणखी महाग, आणि त्यापुढचा टप्पा सगळ्यांत वर. त्यावर स्थिर आकार, वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. परिणाम असा की फेब्रुवारीत या घराला युनिट सरासरी १० रुपये ३६ पैशांना पडलं आणि जूनच्या बिलात १३ रुपये १४ पैशांना. पंखा तोच, पण घरात एसी चालू असला की पंख्याचं युनिटही महाग होतं. चौघांच्या फ्लॅटमधली बरीच कुरबुर इथून सुरू होते.

वाटणीच्या पद्धती दोन-तीन आहेत. फेब्रुवारीचं बिल पाया धरून वाढलेले ३,३६० रुपये सगळे एसीवाल्यांच्या माथी मारले, तर त्यांना प्रत्येकी २,११५ पडतात आणि मागच्या खोलीला ४३५. हे सोपं आहे, पण मे महिन्यात पंखे दिवसभर फिरतात आणि फ्रिजही जास्त वीज ओढतो, तो भार विनाकारण पुढच्या खोलीवर जातो. जास्त बरी पद्धत म्हणजे एसीच्या प्लगला युनिट मोजणारा छोटा मीटर लावणं. मीटर १६ अँपिअरचा हवा, साधा ६ अँपिअरचा एसीला चालत नाही. समजा त्या मीटरने १८० युनिटं दाखवली. १८० ला १३.१४ ने गुणलं की साधारण २,३६६ रुपये होतात, ते पुढच्या खोलीतल्या दोघांत. उरलेले २,७३४ चौघांत. पैशांची घासाघीस सोडून दिली की सातारकर आणि नागपूरकर प्रत्येकी १,८६७, कोल्हापूरकर आणि नांदेडकर प्रत्येकी ६८३. बेरीज बरोबर ५,१००.

कोल्हापूरकर इथे म्हणू शकतो, ‘दर वाढला तोच एसीमुळे, मग वाढीव दर मी का भरू?’ म्हणणं खरं आहे. म्हणूनच ही पद्धत एसी पहिल्यांदा चालू होतो त्या मार्चमध्ये ठरवायची असते, जूनमध्ये बिल हातात घेऊन नव्हे. ठरलं की ते ग्रुपवर पिन करून ठेवायचं. जूनचा निरोप मग वाद न होता फक्त आठवण राहतो.

आता निरोप. नांदेडकराने दुसऱ्यांदा लिहिला तो असा:

‘मंडळी, महावितरणने आपली आठवण काढलीय. एकूण ५,१००, युनिट ३८८, बिलाचा फोटो वर आहे. एसीची १८० युनिटं मार्चमध्ये ठरल्याप्रमाणे वेगळी धरली. सातारकर १,८६७, नागपूरकर १,८६७, कोल्हापूरकर ६८३, माझे ६८३. १४ तारखेपर्यंत माझ्या नेहमीच्या नंबरवर टाका. १५ ला भरतोय, लवकर भरल्याचे चाळीसेक रुपये वाचतील ते दुधात धरू.’

हा निरोप चालतो, कारण प्रत्येकाला आपल्या नावापुढे एकच आकडा दिसतो आणि भागाकार कुणाला करावा लागत नाही. आकडा कुठून आला तेही एका वाक्यात आहे, शंका असेल त्याने फोटो उघडावा. आणि १४ तारखेला कारण आहे. महावितरण बिल लवकर भरणाऱ्याला साधारण एक टक्का सवलत देतं आणि शेवटची तारीख उलटली की सव्वा टक्का विलंब आकार लावतं. या बिलावर तो ६४ रुपयांच्या आसपास जातो. ‘मला पैसे हवेत’ यापेक्षा ‘१५ ला भरतोय’ हे वाक्य ऐकणाऱ्याला सोपं जातं. वीज तोडण्याची धमकी मात्र निरोपात घालू नये. थकबाकीसाठी वीज तोडायची तर २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे आधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, हे आज ना उद्या कुणाला तरी कळतं, आणि मग पुढच्या खऱ्या तारखेवरही विश्वास बसत नाही.

हलकेपणा कुठे ठेवायचा, याचंही एक तंत्र आहे. थट्टा बिलाची करावी, एसीची करावी, घेणेकऱ्याने देणेकऱ्याची करू नये. ‘एसीने यंदा मनावर घेतलं होतं’ यावर चौघेही हसतात. ‘काय शेठ, परदेशात पळालात का?’ यावर तिघे हसतात आणि चौथा गप्प बसतो. त्याचा पगार लांबला असेल तर ते वाक्य महिनाभर टोचत राहतं.

मराठी या कामात मोठी मदत करते, फक्त तिचा उपयोग करून घ्यायला हवा. ‘तू पैसे दिले नाहीस’ म्हटलं की वाक्यात माणूस उभा राहतो, आणि तोही आरोपीसारखा. ‘तुझे १,८६७ राहिलेत’ म्हटलं की वाक्यात रक्कम उभी राहते. राहण्याचं काम पैशांनी केलं, माणसाने काही केलं नाही. पैसे तेवढेच मागितले, पण घरातली हवा बदलत नाही. तसंच ‘तेवढं बघ ना’ यात ‘तेवढं’ म्हणजे केवढं हे समोरच्याला शोधावं लागतं, तर ‘आज १,८६७ टाक ना’ यातला ‘ना’ आकड्याची धार कमी करतो आणि आकडा जागच्या जागी राहतो. ‘घाई नाही’ हे दोन शब्द मात्र टाळलेले बरे. लिहिणारा ते संकोचाने लिहितो, वाचणारा ते खरं मानतो आणि फोन खाली ठेवतो.

पहिला निरोप सगळ्यांना, पण दुसरा एकट्याला. १३ तारखेला संध्याकाळपर्यंत सातारकर आणि कोल्हापूरकराचे आले, नागपूरकराचे नाहीत. ग्रुपवर ‘एकाचे राहिलेत’ असं लिहिणं म्हणजे नाव न घेता नाव घेणं. तेच त्याला एकट्याला लिहिलं, ‘भावा, लाइटचे १,८६७ राहिलेत, परवा भरतोय. उद्यापर्यंत जमेल का?’ तर त्याला खरं उत्तर द्यायला जागा मिळते. त्याचं उत्तर आलं, ‘पगार एक तारखेला, आता १,००० आहेत.’ नांदेडकराने लिहिलं, ‘चालेल. १,००० आज, ८६७ एक जुलैला. मी तेवढे भरून टाकतो.’ उधारीला आकडाही मिळाला आणि तारीखही, त्यामुळे एक जुलैला नुसतं ‘भावा, आज ८६७’ एवढं पुरतं. यानंतरही आले नाहीत तर लिहिणं थांबवावं आणि ओट्यापाशी चहा होताना, दोघंच असताना विचारावं.

पूर्वी अनेक जण हे काम फोनच्या ॲपवर सोपवत. यूपीआयमध्ये समोरच्याला थेट पैशांची मागणी पाठवता यायची, तो फक्त पिन टाकायचा. या सोयीचा फसवणुकीसाठी वापर होऊ लागल्याने एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे करायची अशी मागणी बंद केली. तेव्हा आता शब्दांवरच भिस्त आहे. रक्कम आधीच भरलेला क्यूआर निरोपासोबत पाठवता येतो. पैसे टाकणाऱ्याने शेऱ्यात ‘लाइट, जून’ लिहिलं, तर महिन्याअखेरीस हे १,८६७ कशाचे होते हे शोधत बसावं लागत नाही.

एक गोंधळ हमखास होतो, तो वळते करण्याचा. कोल्हापूरकराने गेल्या आठवड्यात सिलिंडरचे ८८० भरले, म्हणजे बाकी तिघांकडून त्याला प्रत्येकी २२० यायचे आहेत. तो म्हणतो, ‘माझे ६६० कापून घे, २३ पाठवतो.’ ऐकायला सरळ वाटतं. पण नांदेडकराकडे त्याचे फक्त २२० आहेत. उरलेले ४४० सातारकर आणि नागपूरकराकडून यायचे, आणि ते लाइटच्या हिशेबात ओढले की त्या दोघांचे आकडेही बदलतात. ग्रुपवर १,८६७ लिहिलेले, मागितले जातात २,०८७, आणि कुणालाच काही उमगत नाही. कोल्हापूरकराने नांदेडकराला ४६३ द्यावेत आणि बाकी दोघांकडून आपले २२० स्वतः मागावेत, हे जास्त स्वच्छ. ज्याने भरले, त्याने मागायचे.

बिलाचा महिना आणि कॅलेंडरचा महिना एक नसतो, हेही ध्यानात ठेवावं लागतं. हे बिल ६ मे ते ६ जूनच्या रीडिंगचं आहे. कुणी २० मेला खोली सोडली आणि दुसरा २१ ला आला, तर ‘मेचं बिल’ म्हणून दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. मीटर बहुतेक सोसायट्यांत खाली जिन्यापाशी असतात. जाणाऱ्याने बॅग उचलायच्या आधी खाली जाऊन रीडिंगचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, तर महिन्याभराने परगावी गेलेल्या माणसालाही ‘तुझ्या दिवसांची इतकी युनिटं, इतके रुपये’ असं सांगता येतं.

१५ जूनला नांदेडकराने बिल भरलं आणि पावतीचा फोटो टाकला. ‘भरलं. ४० वाचले, दुधाच्या डब्यात. एसीला विश्रांती द्या, पाऊस आलाय.’ खाली सातारकराने पुढच्या खोलीतल्या छोट्या मीटरचा फोटो टाकला, पुढच्या बिलाच्या हिशेबासाठी.