प्रीमियमचे पैसे नेमके कशाचे?

नोकरी शोधायला लागलं की लिंक्डइन ‘प्रीमियम’ पुढे करतं. प्रीमियम घेणाऱ्यांना नोकरी मिळण्याची शक्यता जास्त, असंही सांगितलं जातं. आकडा खरा असेलही, पण दरमहा पैसे मोजून नोकरी शोधणारा माणूस मुळातच जास्त धडपडतो. त्याला यश सदस्यत्वामुळे मिळालं की धडपडीमुळे, हे नुसत्या तुलनेतून कळत नाही. त्यासाठी माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी, नशिबावर सोडून दोन गटांत वाटावी लागतात.

असा प्रयोग लिंक्डइनवर झालेला आहे, पण प्रीमियमवर नव्हे, ओळखींवर. ‘सायन्स’ या नियतकालिकात तो 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. ‘तुमच्या ओळखीचे असू शकतील’ म्हणून नावं सुचवणाऱ्या यंत्रणेत पाच वर्षांत सुमारे दोन कोटी लोकांसाठी असे यादृच्छिक बदल केले गेले. काहींना जवळच्या वर्तुळातली माणसं जास्त सुचवली, काहींना लांबची. नोकरी बदलायला जास्त उपयोगी पडल्या त्या बेताच्या दूरच्या ओळखी. अगदी घट्ट ओळखींचा उपयोग सर्वांत कमी झाला. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये हेच मांडलं होतं: जवळच्या मित्रांना बहुधा आपल्याला ठाऊक असलेल्याच जागा ठाऊक असतात. गंमत अशी, की ओळखी सुचवणारी ही सोय फुकट आहे!

मग पैसे कशाचे? करिअर योजनेत महिन्याला पाच ‘इनमेल’ मिळतात, म्हणजे ओळख नसलेल्यालाही थेट निरोप धाडता येतो. नव्वद दिवसांत उत्तर आलं, अगदी नकार आला तरी, तो इनमेल परत जमा होतो. माझ्या मते विकत घेण्याजोगं काही असेल तर एवढंच.

समजा, पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर टेस्टरने आठ कंपन्या निवडल्या. प्रत्येक ठिकाणी टेस्टिंग टीमचा मॅनेजर कोण, हे तिने शोधलं. पाच जणांशी तिची सामाईक ओळख निघाली, तर मधल्या माणसाला ‘ओळख करून द्याल का?’ विचारायला पैसे लागत नाहीत. उरलेल्या तिघांना इनमेल. भरती अधिकाऱ्यापेक्षा मॅनेजरला लिहिलेलं बरं, कारण त्याला तिचं काम कळतं.

बाकीच्या सोयी मन गुंतवतात. प्रोफाइल कुणी पाहिलं याची यादी दहा वेळा उघडावीशी वाटते. इतर अर्जदारांशी तुलनाही फसवी: अर्ज कंपनीच्या संकेतस्थळावर करायचा असेल, तर लिंक्डइनला फक्त बटण दाबणारे मोजता येतात, अर्ज पूर्ण करणारे नाहीत. शंभरचा आकडा बघून माघार घेऊ नका.

तेव्हा चाचणीचा फुकट महिना मिळत असेल, तर तो आजच सुरू करू नका. आधी माणसांची यादी करा, निरोप लिहून ठेवा, मग बटण दाबा. आणि मुदत संपण्याच्या किमान एक दिवस आधी सदस्यत्व रद्द करा, नाहीतर कार्डातून पैसे कापले जातात.