इंटरनेटविना आज्ञा ऐकणारा घरगुती संगणक

बेळगावलगतच्या कंग्राळीसारख्या गावात घरातील बोली मराठी असली, तरी तिच्यात कन्नड आणि हिंदी शब्द सहज मिसळलेले असतात. अशा घरात इंटरनेटविना आवाजावर चालणारी यंत्रणा उभारायची झाल्यास रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक आणि यूएसबी मायक्रोफोन एवढी सामग्री पुरते. खरा पेच भाषेचा असतो.

यंत्रणेचे काम तीन टप्प्यांत चालते. पहिला टप्पा हाकेचा. ओपनवेकवर्ड ही मुक्त प्रणाली सतत ऐकत राहते आणि दर ८० मिलिसेकंदांच्या तुकड्याला शून्य ते एक असे गुण देते. गुण ठरावीक मर्यादेपुढे गेले, की पुढचा टप्पा जागा होतो. तिचे तयार नमुने मात्र इंग्रजी हाकांवर आधारलेले आहेत. त्यामुळे आरंभी ‘हे जार्विस’ ही उपलब्ध हाक वापरणे सोयीचे ठरते.

दुसरा टप्पा बोलणे ओळखण्याचा. व्हॉस्क या प्रणालीचा हिंदी नमुना `vosk-model-small-hi-0.22` अवघ्या ४२ एमबीचा असून तो अशा लहान संगणकावरही चालतो. त्याला सारी भाषा मोकळी न देता मोजक्या आज्ञांची यादी द्यावी:

```python
yadi = '["पंखा चालू", "पंखा बंद", "बत्ती चालू", "बत्ती बंद", "[unk]"]'
rec = KaldiRecognizer(model, 16000, yadi)
```

येथे शब्दांची निवड निर्णायक ठरते. ‘दिवा लाव’ ही आज्ञा मराठी माणसाच्या तोंडी सहज येते. परंतु नमुन्याच्या शब्दसंग्रहात नसलेला शब्द प्रणाली वगळते आणि पडद्यावर `Ignoring word missing in vocabulary` अशी सूचना उमटते. ती दिसताच शब्द बदलावा. पंखा, बत्ती, चालू, बंद हे शब्द दोन्ही भाषांना सामाईक असल्याने येथे निवडले आहेत.

यादीतील `[unk]` गाळल्यास मोठा घोटाळा होतो. मग भांड्यांचा आवाज किंवा दूरचित्रवाणीवरील संवादही प्रणाली चारपैकी एखाद्या आज्ञेत कोंबते आणि पंखा आपोआप फिरू लागतो. `[unk]` मुळे अनोळखी बोलण्याला वेगळी जागा मिळते.

तिसऱ्या टप्प्यात ओळखलेली आज्ञा रिलेला संकेत देते. संगणकाच्या पिनांवर केवळ ३.३ व्होल्ट असतात. २३० व्होल्टची जोडणी रिलेच्या दुसऱ्या बाजूस, तीही जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावी.

शेवटी परीक्षा घ्यावी. घरातील प्रत्येकाने दोन मीटरवरून, पंखा बंद असताना आणि सुरू असताना, प्रत्येक आज्ञा वीस वेळा द्यावी व चुका मोजाव्यात. चुका केवळ पंखा सुरू असतानाच वाढत असतील, तर मायक्रोफोनची जागा बदलावी. त्यानंतर तासभर दूरचित्रवाणी लावून ठेवावी. कोणी हाक न मारताही यंत्रणा वारंवार जागी होत असेल, तर हाकेच्या गुणांची मर्यादा ०.५ वरून हळूहळू वाढवावी. मर्यादा फार वाढवली, तर खरी हाकही दुर्लक्षित होते. घरातील वृद्धांच्या मंद आवाजावर ते सर्वांत आधी जाणवते; म्हणून अंतिम मर्यादा त्यांच्याच आवाजावर ठरवणे श्रेयस्कर.